टू-स्टेप फ्लोमधला मतनेता गल्लीत कसा शोधायचा

प्रश्न: एम.ए. जर्नलिझमच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. टू-स्टेप फ्लो आणि ओपिनियन लीडर यावर १५ मार्कांचा प्रश्न हमखास येतो, त्यात "आपल्या परिसरातील उदाहरणासह" असं असतं. मी टीव्हीवरची बातमी → नगरसेवक → वॉर्डातले लोक असं लिहिलं आणि आकृतीही काढली. सरांनी निम्मे मार्क कापले, कारण काही सांगितलं नाही. काय चुकलं?

उत्तर:

तुमचे बाण बरोबर आहेत, माणूस चुकला. संज्ञापनाचे पेपर मी बरीच वर्षं तपासतोय. या प्रश्नात नगरसेवक, सरपंच, सोसायटीचे चेअरमन किंवा गणेश मंडळाचे अध्यक्ष, यांच्यापैकी कुणीतरी मधल्या चौकटीत बसवलेला असतोच. 'लीडर' शब्द दिसला की आपण पद शोधायला लागतो. पण ज्या लोकांनी ही कल्पना मांडली त्यांना पदाधिकारी सापडले नव्हते, आणि तोच त्यांचा शोध होता. म्हणून आधी त्यांनी नेमकं काय पाहिलं ते समजून घ्या, मग गल्लीतलं उदाहरण आपोआप जमेल.

१९४० सालची अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. रूझवेल्ट विरुद्ध विल्की. पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझेल गोडेट या तिघांनी ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली आणि ६०० मतदारांचा एक गट ठरवून मे ते नोव्हेंबर, जवळजवळ दर महिन्याला, त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटून मुलाखती घेतल्या. त्या काळात रेडिओचा दबदबा होता आणि प्रचार म्हणजे सुई टोचावी तसा थेट परिणाम, असं मानणारे पुष्कळ होते. तिघांनाही रेडिओ-वर्तमानपत्रांमुळे मतं कशी फिरतात हेच पाहायचं होतं. प्रत्यक्षात पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं होतं आणि प्रचाराने ते फक्त घट्ट झालं. जे शेवटपर्यंत डळमळत होते त्यांना "तुमचं मत कशामुळे ठरलं?" असं विचारल्यावर रेडिओपेक्षा माणसांचा उल्लेख जास्त येऊ लागला. नवरा, सासरा, कारखान्यातला सहकारी, हॉटेलात शेजारच्या टेबलावर बोलणारा कुणी.

मग मतनेते ओळखण्यासाठी त्यांनी दोन साधे प्रश्न वापरले. अलीकडे तुम्ही कुणाला आपलं राजकीय मत पटवून द्यायचा प्रयत्न केलात का? आणि अलीकडे कुणी तुमच्याकडे राजकीय बाबतीत सल्ला मागितला का? 'हो' म्हणणारे सगळ्या थरांत, सगळ्या व्यवसायांत आढळले. इतरांपेक्षा त्यांचं वेगळेपण एवढंच की ते रेडिओ जास्त ऐकत, वर्तमानपत्रं आणि मासिकं जास्त वाचत. यावरून १९४४ च्या 'द पीपल्स चॉइस' या पुस्तकात त्यांनी अंदाज मांडला: कल्पना बहुधा रेडिओ आणि छापील माध्यमांतून मतनेत्यांकडे जातात आणि तिथून कमी सक्रिय लोकांकडे. हाच टू-स्टेप फ्लो, म्हणजे द्विस्तरीय प्रवाह.

इथे 'अंदाज' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ईरी काउंटीत दुसरी पायरी प्रत्यक्ष मोजलीच गेली नव्हती. मतनेत्याने स्वतःबद्दल सांगितलं ते खरं मानलं, त्याने ज्यांना सल्ला दिला त्यांच्याकडे जाऊन कुणी विचारलं नाही. हे एक वाक्य उत्तरात आलं की परीक्षकाला कळतं, या मुलाने गाइड पाठ केलेलं नाही.

ही उणीव भरून काढायला पुढचा अभ्यास झाला तो इलिनॉय राज्यातल्या डेकेटर या शहरात, १९४५ साली. त्यावरचं एलिहू कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचं 'पर्सनल इन्फ्लुअन्स' १९५५ ला आलं. सुमारे ८०० स्त्रियांना चार विषयांवर विचारलं: घरखर्चाची खरेदी, फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न. कुणी कुणाचं ऐकून निर्णय बदलला, हे विचारून नाव सांगितलेल्या माणसाला गाठायचा आणि "खरंच असं बोलणं झालं का?" हे पडताळायचा प्रयत्न केला. निष्कर्ष फार घरगुती आहेत आणि म्हणूनच तुमच्या कामाचे आहेत. किराणा-खरेदीच्या बाबतीत मोठं कुटुंब सांभाळणारी बाई सल्लागार होती. फॅशन आणि सिनेमाच्या बाबतीत तरुण, अविवाहित मुलगी. सार्वजनिक प्रश्नांत मात्र शिक्षण आणि सामाजिक स्थान यांचं वजन पडत होतं. एका विषयातली जाणकार दुसऱ्या विषयात बहुतेक वेळा जाणकार नव्हती. आणि सल्ला वरच्या थरातून खालच्या थरात गळत येत नव्हता, तो बराचसा बरोबरीच्या लोकांमध्येच आडवा फिरत होता.

आता गल्लीत येऊ. गल्ली आणि माणसं मी कल्पनेतली घेतोय, मोहीम मात्र खरी आहे. तुम्हीही पेपरात असंच करा, मोहीम खरी घेतली की उदाहरण हवेत राहत नाही.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला एक डोस, तोही आधी लस झालेली असो वा नसो. सुरुवात शाळांपासून होती. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, आकाशवाणीवर आणि शाळेच्या सूचनेत ही माहिती होती. म्हणजे आपल्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक आईला 'लस येतेय' हे ठाऊक होतं, त्यासाठी कुणा मध्यस्थाची गरज नव्हती. अडलेलं होतं ते पुढे: "आमच्या मुलाला गोवरची लस आधीच दिलीय, मग परत कशाला?" शिवाय व्हॉट्सॲपवर भीती घालणारे मेसेज फिरत होते. माहिती सगळ्यांकडे होती, निर्णय होत नव्हता.

सांगलीसारख्या गावातली एक गल्ली धरा. बैठी घरं, एक-दोन तीनमजली इमारती. शोभाताई तिथे घरी शिवणकाम करतात. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. तीन मुलं, थोरली आठवीत, मधला पाचवीत, धाकटा बालवाडीत. पेपरची आरोग्याची पुरवणी त्या आधी वाचतात आणि मग तिच्यावर कापड बेततात. मशीनवर बसल्या की रेडिओ चालू असतो. शाळेच्या पालकसभेला त्या पुढच्या रांगेत असतात आणि प्रश्न विचारतात. गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायला आणि न्यायला येतात, आणि त्या दहा मिनिटांत मुलांचं दूध, ताप, ट्यूशन सगळं बोलून होतं.

फॉलची साडी न्यायला आलेली रेश्मा विचारते, "ताई, तुम्ही देणार का हो ओंकारला? माझ्या पिंकीची गोवरची झालीय, म्हणून हे नको म्हणतायत."

शोभाताई सुईत दोरा ओवता ओवता सांगतात, "मी मीटिंगमध्ये हेच विचारलं. आधीची झाली असली तरी ही घ्यायचीच म्हणाले, यात रुबेलाचंही आहे. ओंकारचं सोमवारी आहे, मी देणार. पोटात काहीतरी घालून पाठव हं पिंकीला, उपाशी नको."

या एवढ्याशा बोलण्यात काय काय झालं ते सुटं करून लिहा, मार्क तिथेच आहेत. शोभाताईंनी पुरवणीतली सगळी माहिती सांगितली नाही, रेश्माच्या शंकेला लागू पडेल तेवढीच निवडली. तिचा अर्थ रेश्माच्या घरच्या अडचणीशी जोडून दिला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे "मी देणार" म्हणून स्वतःचं मूल तारण ठेवलं. टीव्हीवरचा डॉक्टर यातलं पहिलं करू शकतो, थोडंफार दुसरं, तिसरं नाही. शिवाय रेश्माने उलट प्रश्न विचारला असता तर तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. माध्यमाला हे जमत नाही. त्यातच समोरासमोरच्या बोलण्याची ताकद आहे.

आता नगरसेवक का नाही, ते बघा. मतनेता ठरवताना मी मुलांना तीन गोष्टी तपासायला सांगतो. त्या विषयावर लोक आपणहून त्याला विचारतात का? त्या विषयाची माध्यमं तो इतरांपेक्षा जास्त बघतो-वाचतो का? आणि तो विचारणाऱ्यांच्याच गटातला, त्यांच्यासारखाच आहे का? नगरसेवकाकडे लोक नळाचं पाणी, गटार आणि दाखल्यासाठी जातात. मुलाला लस द्यावी का, हे विचारायला रेश्मा त्यांच्या कार्यालयात जाणार नाही. त्यांनी चौकात लसीकरणाचा फ्लेक्स लावला तर तो फ्लेक्स पहिल्या पायरीतलाच एक संदेश झाला, दुसरी पायरी नव्हे. पण हे परिस्थितीवरही अवलंबून आहे. एखादा नगरसेवक रोज सकाळी पारावर बसत असेल, लोक पालिकेच्या करवाढीबद्दल त्याला "हे बरोबर आहे का?" असं विचारत असतील आणि त्याच्या म्हणण्यावर स्वतःचं मत ठरवत असतील, तर करवाढ या विषयापुरता तो मतनेता ठरतो. ते त्याला पदामुळे मिळत नाही, विचारलं जाण्यामुळे मिळतं. तुमच्या उत्तरात हा फरक नव्हता म्हणून मार्क गेले असावेत.

अंगणवाडीताईंचा प्रश्न जास्त अवघड आहे. विद्यार्थी त्यांना मतनेता लिहितात आणि काही परीक्षक ते मान्यही करतात. माझं मत असं की मोहिमेने ज्याला कामाला लावलंय तो मोहिमेच्या बाजूचा माणूस, एव्हरेट रॉजर्स ज्याला परिवर्तनकर्ता म्हणतो तो. लोक त्याचं ऐकतात, पण "हिला सांगायला लावलंय" हेही मनात धरून ऐकतात. तीच ताई गल्लीतच राहत असेल आणि संध्याकाळी ओट्यावर बसून स्वतःच्या नातीबद्दल बोलत असेल तर तेव्हा ती दुसऱ्या भूमिकेत असते. पेपरात उगाच वाद नको, म्हणून शोभाताईंसारखं बिनपगारी माणूस निवडा.

त्याच गल्लीत रेश्माच्या नवऱ्याला नवा फोन घ्यायचा असेल तर तो शोभाताईंकडे येत नाही. तो कोपऱ्यावरच्या निखिलला गाठतो, जो कॉलेजात आहे आणि रात्रभर यूट्यूबवर फोनचे रिव्ह्यू बघतो. शोभाताई स्वतःचा फोन घेतानाही निखिललाच विचारतात. लसीच्या बाबतीत देणारी, फोनच्या बाबतीत घेणारी. डेकेटरमध्ये सापडलेली गोष्ट ती हीच, आणि एका वाक्यात निखिलला आणलंत की मतनेतेपण विषयानुसार बदलतं हा मुद्दा सिद्ध होतो, वेगळी व्याख्या लिहावी लागत नाही.

आणखी एक बाजू विद्यार्थी विसरतात. मतनेता प्रवाह पुढे नेतो तसा अडवूही शकतो. शोभाताईंनी पालकसभेच्या आदल्या दिवशी तो भीतीचा व्हिडिओ पाहिला असता आणि "थांब ग जरा, मी पण बघते" एवढंच म्हटलं असतं, तर शिलाईला येणाऱ्या पाच-सहा घरांतली मुलं त्या सोमवारी शाळेत घरचा नकार घेऊन गेली असती. शाळेतली सूचना तीच, टीव्हीवरची जाहिरात तीच. निकाल मात्र उलटा. एकाच शहरातल्या दोन शेजारच्या गल्ल्यांत मोहिमेला वेगवेगळा प्रतिसाद का मिळतो, याचं एक कारण इथे सापडतं. एकच म्हणतोय, सगळं नाही. शाळा कुठली, आधीच्या लसीचा अनुभव कसा, घरात निर्णय कोण घेतं, हेही असतंच.

सिद्धांताच्या मर्यादा लिहाल तेव्हा तुमचंच उदाहरण हातात धरा. पाठ केलेले आठ मुद्दे ओतू नका, तीन पुरतात. पहिली मर्यादा वर येऊन गेली आहे: 'लस येतेय' ही बातमी गल्लीला थेट माध्यमांतून आणि शाळेतून कळली. डॉइचमन आणि डॅनियलसन यांनी १९६० मध्ये मोठ्या बातम्या लोकांपर्यंत कशा पोचतात हे तपासलं, तेव्हा बहुतेकांना त्या थेट माध्यमांतूनच कळल्या होत्या आणि लोकांमधली चर्चा नंतर झाली होती. म्हणून उत्तरात स्पष्ट लिहा की माहिती पोचणं वेगळं आणि प्रभाव पडणं वेगळं. द्विस्तरीय प्रवाह प्रभावाच्या बाबतीत जास्त पटतो, माहितीच्या बाबतीत कमी.

दुसरी मर्यादा पायऱ्यांच्या संख्येची. शोभाताईंना शंका आली तर त्या कुणाला विचारतात? समजा त्यांची मावसबहीण दुसऱ्या वॉर्डात राहते आणि एका दवाखान्यात कामाला आहे, तिला. म्हणजे मतनेत्यालाही मतनेता असतो. रेश्मा घरी जाऊन नवऱ्याला पटवते, तिथे आणखी एक पायरी. काही घरांना कुणीच काही सांगत नाही, ती टीव्ही बघून ठरवतात. म्हणून पुढचे संशोधक बहुस्तरीय प्रवाह म्हणू लागले.

तिसरी मर्यादा टॉड गिटलिन याने १९७८ साली मांडली. ती सोप्या भाषेत अशी: शेजारणी एकमेकींना काय सांगतात एवढंच मोजत बसलं तर मुळात कोणते विषय चर्चेला यावेत हे ठरवणाऱ्या माध्यमांची ताकद नजरेतून सुटते. लोक लसीवर बोलत होते कारण ती सगळीकडे झळकत होती. डेकेटरच्या अभ्यासाला मॅकफॅडन या मासिकांच्या प्रकाशन कंपनीचा पैसा होता, हे इथे एका ओळीत सांगता येतं. कामगार घरांतल्या स्त्रिया हा त्या कंपनीचा मोठा वाचकवर्ग, त्यामुळे प्रभाव बरोबरीच्या स्त्रियांमध्ये फिरतो का हे जाणून घेण्यात तिला रस होता. म्हणून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण कुठला प्रश्न विचारला गेला आणि कुठला नाही हे कळतं.

भारतीय संदर्भ मागितला असेल तर पुण्याचा रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग जरूर घाला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी पुण्याने तो केला. गावात शेतकऱ्यांचा गट रेडिओभोवती जमायचा, कार्यक्रम ऐकायचा आणि लगेच तिथेच त्यावर चर्चा करायचा. पॉल न्यूरथ यांनी मूल्यमापन केलं, त्यात मंडळ असलेल्या गावांत शेतकऱ्यांच्या ज्ञानात मोठी भर पडलेली दिसली, तर नुसता रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत फार थोडी. मात्र याला द्विस्तरीय प्रवाहाचा पुरावा म्हणू नका. इथे सगळेच रेडिओ ऐकत होते, मधला माणूस वेगळा नव्हता. माध्यमाला बोलण्याची जोड मिळाली की फरक पडतो, एवढंच त्यातून दाखवता येतं.

मांडणीबद्दल. प्रत्येक विद्यापीठाची आणि प्रत्येक परीक्षकाची आवड वेगळी, पण १५ मार्कांना मी असा क्रम सुचवेन. सुरुवातीला ईरी काउंटी पाच-सहा ओळींत, वर्ष आणि तीन नावांसह. मग डेकेटर तेवढंच. निम्म्याहून जास्त जागा शोभाताईंना द्या, कारण प्रश्नात उदाहरण मागितलंय आणि तिथेच तुमचं स्वतःचं काहीतरी दिसतं. मर्यादा शेवटी. आकृतीत माध्यमातून शोभाताईंकडे एक बाण, त्यांच्याकडून तीन-चार घरांकडे बाण, आणि माध्यमातून थेट त्या घरांकडे एक तुटक बाण काढा. तुटक बाणावर 'माहिती' आणि शोभाताईंकडून निघणाऱ्या बाणांवर 'प्रभाव' असं लिहा. मावसबहिणीकडून शोभाताईंकडे येणारा आडवा बाण काढलात तर बहुस्तरीय प्रवाहाचा मुद्दाही आकृतीतच येऊन जातो. पाच मार्कांची टीप आली तर डेकेटर दोन ओळींत उरका, गिटलिन सोडून द्या, रेश्मा-शोभाताई मात्र ठेवा.

व्हॉट्सॲपचं उदाहरण द्यावं का, हे पुढे कुणीतरी विचारेलच, म्हणून तेही सांगतो. देता येतं, पण ग्रुप ॲडमिनला मतनेता करू नका. सकाळपासून पंधरा फॉरवर्ड टाकणारा माणूस बहुतेक वेळा नुसता वाहक असतो. ग्रुपमध्ये लसीचा तो व्हिडिओ पडल्यावर खाली कुणाचं नाव घेऊन विचारलं जातं ते बघा: "शोभाताई, खरं आहे का हे?" उत्तर येईपर्यंत बाकीचे गप्प राहिले, तर तुमचा मतनेता सापडला.